प्रतिसाद: कोलेसिस्टायटिस म्हणजे सिस्ट नव्हे

> "रिपोर्टमध्ये 'कॅलक्युलस कोलेसिस्टायटिस' आहे, कोलेसिस्टेक्टॉमी सुचवलीय. पित्ताशयात सिस्ट झालीय का?"

नाही. असा शब्द शेवटाकडून वाचा. 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. त्याआधीचं 'कोले' हे ग्रीकमधलं पित्त आणि 'सिस्ट' म्हणजे पिशवी, म्हणजे इथे पित्ताशयच. वेगळी गाठ नाही. 'कॅलक्युलस' हा लॅटिनमधला खडा. एकूण अर्थ: खड्यांमुळे पित्ताशयाला सूज. बहुतेक वेळा खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकतो, पित्त तुंबतं आणि भिंत सुजते. जंतुसंसर्ग त्यात असेलच असं 'आयटिस' सांगत नाही, तो नंतर होऊ शकतो.

'एक्टॉमी'त 'एक' म्हणजे बाहेर आणि 'टोम' म्हणजे कापणं, म्हणून अवयव कापून काढणं. इथे फक्त खडे नव्हे, पूर्ण पित्ताशय काढतात, कारण ते ठेवलं तर खडे पुन्हा होऊ शकतात. एक-दोन अक्षरांनी अर्थ किती बदलतो पाहा: 'कोलेसिस्टॉस्टॉमी' असेल तर पित्ताशय जागेवरच राहतं, त्यात नळी घालून तुंबलेलं पित्त बाहेर काढतात. रुग्ण भूल सोसण्याच्या स्थितीत नसेल तेव्हा हा मार्ग घेतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी हा शेवट जरूर नीट वाचा.

रिपोर्टमध्ये 'कोलेडोको' दिसलं तर मात्र आवर्जून विचारा. तो पित्तनलिकेचा उल्लेख आहे, आणि नलिकेतला खडा पित्ताशय काढल्याने आपोआप निघत नाही. तो बहुधा एंडोस्कोपीने वेगळा काढावा लागतो. डोळे पिवळे किंवा थंडी वाजून ताप असेल तर थांबू नका.