बी-७०४ ची भाड्याची जाहिरात

सुहासकाका (बी-७०४): ब्रोकरने जाहिरात करून पाठवलीय. उद्या टाकतोय, जरा नजर घाला.
"डोंबिवली पूर्व. सेमी फर्निश्ड २ बीएचके, १०५० स्क्वे. फूट. स्टेशन ७ मिनिटं, २४ तास पाणी. भाडं २६,००० + सोसायटी चार्जेस. सोसायटी नियमानुसार फक्त शाकाहारी फॅमिली. बॅचलर्सनी फोन करू नये."

नीलिमा (बी-६०४): काका, तुमच्या बरोबर खाली माझा फ्लॅट. ॲग्रीमेंटमध्ये कार्पेट ७०२ आहे. १०५० म्हणजे जिना, लॉबी, लिफ्टचा वाटा धरून.

सुहासकाका: सगळे तसंच लिहितात गं.

नीलिमा: १०५० ने भागलं तर फुटाला २५ रुपये पडतात, ७०२ ने ३७. बघायला आलेला माणूस बेडरूममध्ये पाऊल टाकताच ओळखतो, आणि मग बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही. 'कार्पेट ७०२' लिहा सरळ.

ओंकार (सी-२०३, भाडेकरू): ७ मिनिटं रात्री अकराला, रिक्षाने 😄 सकाळी शेअर रिक्षाच्या रांगेतच पंधरा जातात. चालत २५. आणि सेमी फर्निश्ड म्हणजे नक्की काय? मला एका ठिकाणी दोन पंखे नि ट्यूबलाइट निघाले होते.

सुहासकाका: दोन कपाटं, गीझर, किचन ट्रॉली, चिमणी.

ओंकार: मग हेच लिहा ना, चांगलंच आहे की! आणि डिपॉझिट कुठेय?

सुहासकाका: एक लाख. राहिलं खरं.

मंगल पाटील (सचिव): पाणी सकाळ-संध्याकाळ दोन दोन तास येतं, मे महिन्यात टँकर. २४ तास लिहिलंत तर नवा माणूस माझ्याच दारात भांडायला येईल.
'+ सोसायटी चार्जेस' पण मोघम आहे. तुमचा मेंटेनन्स ३,२०० तुम्ही भरता की तो? भाड्याने दिल्यावर बिलात नॉन-ऑक्युपन्सी वाढतं, पण ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर लावता येत नाही. तुमचे सर्व्हिस चार्जेस १,९००, म्हणजे फार तर १९०. ब्रोकर सोसायटीच्या नावाने दीड-दोन हजार मागत असेल तर मला सांगा.
आणि 'सोसायटी नियमानुसार' काढा. असा ठराव कुठल्याच मीटिंगमध्ये झालेला नाही. अट तुमची, नाव आमचं!

सुहासकाका: अहो ब्रोकरने घातलंय ते. पण चार पोरं यायची, रात्री धिंगाणा.

नीलिमा: मग भीती धिंगाण्याची आहे, लग्न न झाल्याची नाही. किती जण राहणार, कोणाची नावं, पोटभाडेकरू चालणार नाही, हे करारात घाला. सी विंगच्या दोन नर्स मुलींचा तीन वर्षांत आवाज ऐकलाय कोणी? उलट ए विंगच्या 'फॅमिली'ची म्युझिक सिस्टीम...

ओंकार: 🙏 नावं नकोत ताई.

मंगल पाटील: करार नोंदवायची जबाबदारी मालकाचीच असते, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. त्याचा खर्च कोण करणार तेही आधीच लिहा. कॉपी आणि पोलीस माहितीची पावती ऑफिसात द्या.

सुहासकाका: बॅचलरची ओळ काढली. कार्पेट, पाणी, डिपॉझिट, मेंटेनन्स माझ्याकडे, सगळं दुरुस्त करतो. शाकाहारीचं मात्र हिला विचारून सांगतो.

नीलिमा: काकूंनी परवाच माझ्याकडून सुरमई नेली 😂