नव्या मॅनेजरची ओळख करून देणारा मेल: ‘काहीही बदलणार नाही’ असं लिहावं का?

डिस्पॅच_पुणे: आमच्या डिस्पॅच टीमचे मॅनेजर नोव्हेंबरअखेर जाताहेत, १ डिसेंबरला नव्या मॅडम रुजू होतील. ओळखीचा मेल साहेबांच्या नावाने जाणार, पण लिहायचा मला आहे. त्यात एक वाक्य घातलंय: “काळजीचं कारण नाही, कामाच्या पद्धतीत काहीही बदल होणार नाही.” ठेवू की काढू?

एचआर_ताई: काढा. नवा माणूस आला की काहीतरी बदलतंच, आणि पहिला बदल झाला की लोक हाच मेल उघडून एकमेकांना दाखवतात. लोकांच्या मनात धाकधूक असते ती दोन-तीन ठरावीक गोष्टींची. मंजूर झालेली रजा टिकेल का, शिफ्ट बदलेल का, अप्रेझल कोण करणार. त्यांचीच नावं घेऊन लिहा, आणि कधीपर्यंत तेही लिहा. मी साधारण असं लिहीन:

“१ डिसेंबरपासून रजा आणि ओव्हरटाइमची मंजुरी नव्या मॅनेजर देतील. आधी मंजूर झालेल्या रजा तशाच राहतील. शिफ्टचा सध्याचा तक्ता ३१ डिसेंबरपर्यंत कायम आहे, पुढचा तुमच्याशी बोलून ठरेल. एप्रिल ते नोव्हेंबरच्या कामाचा प्रत्येकाचा लेखी शेरा सध्याचे मॅनेजर देऊन जातील.”

मात्र हा शेरा आधी खरोखर लिहून घ्या, मगच मेलमध्ये टाका. नाहीतर मार्चअखेर रेटिंग देणाऱ्या मॅडमनी तुमचं काम फक्त चार महिने पाहिलेलं असेल. दुसरं म्हणजे, अर्ज केलेला पण मंजुरी न मिळालेल्या रजा तपासा. बऱ्याच सिस्टीममध्ये असे अर्ज जुन्या मॅनेजरच्या नावावर पडून राहतात. त्यांचं लॉगिन बंद झालं की ते कोणालाच दिसत नाहीत.

जुना_खेळाडू: ताईंचा परिच्छेद उत्तम आहे, पण वाचणार कोण? पहिल्या दिवशी माणूस दोन ओळी वाचतो आणि चहाच्या टपरीवर जाऊन विचारतो, “आपलं काय होणार?” त्याला तारखांपेक्षा आधी एक ठाम वाक्य हवं असतं. तेच काढलंत तर अफवा सुरू होतील. मी ते वाक्य ठेवीन.

एचआर_ताई: ठाम वाक्य हवंच, हे मान्य. मग पहिलीच ओळ “तुमच्या मंजूर रजा आणि डिसेंबरच्या शिफ्ट आहेत तशाच राहतील” अशी करा. तीही तितकीच ठाम आहे, आणि ती पाळता येते.

युनियनवाला: मेलमध्ये काय लिहायचं ते लिहा, पण शिफ्ट बदलायची तर आधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेत ते कलम ४० आहे. म्हणजे १ डिसेंबरला मॅनेजर बदलण्याची नोटीस द्यायची मुदत जवळ आलीच म्हणायची.

एचआर_ताई: दादा, मॅनेजर बदलणं त्या यादीत येत नाही. ती नोटीस पगार, कामाचे तास, शिफ्ट, रजा अशा सेवाशर्तींसाठी असते. पण तुमचा मुद्दा इथे उपयोगी आहे. डिस्पॅचचे क्लार्कही कामगारांच्या व्याख्येत बसतात, त्यामुळे जानेवारीत तक्ता बदलण्याचं मनात असेल तर मॅडमना आत्ताच सांगून ठेवा.

ठाण्याची_मी: आमच्याकडे मेलमध्ये “सातत्य राखलं जाईल” होतं आणि तीन आठवड्यांत शुक्रवारचं घरून काम बंद झालं. बंद केल्याचा राग कमी होता, नव्या सरांनी “असं वचन मी दिलंच नव्हतं” म्हटल्याचा जास्त. त्यांचं खरंच होतं, मेल वरच्या साहेबांचा होता, आणि तो पाठवण्याआधी यांना दाखवलाच नव्हता.

नवा_मॅनेजर_नाशिक: मी सहा महिन्यांपूर्वी त्याच खुर्चीत बसलो. माझा विरोध जुन्या वाक्यालाही आहे आणि ताईंच्या तारखांनाही. कोणत्या पाळीत माणसं अपुरी पडतात ते पाहण्याआधीच महिनाभर माझे हात बांधलेले! मॅडमना मसुदा दाखवा आणि कोणती तारीख देता येईल हे त्यांनाच ठरवू द्या.

एचआर_ताई: मसुदा दाखवाच, त्यात दुमत नाही. पण एकही तारीख नको म्हणाल तर पुन्हा गोल गोल भाषा उरते.

डिस्पॅच_पुणे: मॅडमना उद्या पाठवतो. अजून एक अडचण आहे. टीममधल्या एकाने याच जागेसाठी इंटरव्ह्यू दिला होता.

एचआर_ताई: मग त्याला मेल जाण्याआधी साहेबांनी स्वतः समोर बसवून सांगायला हवं. आणि मेलमध्ये मॅडमच्या अनुभवाचं कौतुक दोन ओळींत आटपा. तो माणूस प्रत्येक विशेषण आपल्याशी ताडून पाहणार आहे.

जुना_खेळाडू: मला वाटतं, त्याला वेगळं बोलावलं की सगळ्यांना कळतं आणि तो आणखी ओशाळतो. सगळ्यांबरोबरच कळू द्या.

ठाण्याची_मी: अजिबात नाही. असं सगळ्यांबरोबर मेलमधून कळलेली मी आहे.