ग्रँटच्या अर्जात इम्पॅक्ट आणि डिस्ट्रिब्युशन: मोठा आकडा टाकायचा की नाही?

ईशा_क:
दगडाच्या क्रशरवर काम करणाऱ्यांना धुळीमुळे होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर सत्तर मिनिटांची डॉक्युमेंटरी करतेय. शूटिंग जवळजवळ संपलंय, एडिटिंगच्या ग्रँटसाठी अर्ज भरतेय. इम्पॅक्ट आणि डिस्ट्रिब्युशनला दोन पानं आहेत. आत्ता लिहिलंय ते असं: "ही फिल्म समाजात जागृती निर्माण करेल. मोठ्या फेस्टिव्हलला प्रीमियर, मग ओटीटी, आणि सोबतच गावोगावी स्क्रीनिंग." मैत्रीण म्हणते आकडा टाक, पाच लाख लोकांपर्यंत पोहोचणार असा, त्याशिवाय वजन येत नाही. टाकू का?

समीर_कॅमेरा:
आकडा अजिबात नको. खरं सांगू का, हा अख्खा भागच अर्ध्या पानात संपव. फिल्म चांगली झाली तर ती आपली वाट शोधते, नाही झाली तर तू दहा पानं प्लॅन लिहिलास तरी कोणी बघणार नाही. ज्युरी बघते सॅम्पल फुटेज आणि ट्रीटमेंट. इम्पॅक्टवर लांबलचक लिहिलेले अर्ज एनजीओच्या रिपोर्टसारखे वाटायला लागतात आणि मग वाचणाऱ्याला शंका येते की ही बाई फिल्म करतेय की प्रचार. चांगला फेस्टिव्हल मिळाला की सेल्स एजंट येतो, पुढचं तो बघतो.

निशा_प:
समीर, आकड्याबद्दल तुझं बरोबर आहे, बाकी नाही. मी निवड समितीत बसून असे अर्ज वाचलेत. फुटेज चांगलं असणारे अर्ज शेवटच्या फेरीत बरेच असतात, तिथे हीच दोन पानं बघून ठरतं की या माणसाला आपली फिल्म कोणासाठी आहे ते माहितेय की नाही.

ईशा, तुझ्या वाक्यात अडचण 'जागृती'ची आहे, कारण त्यात माणूसच नाहीये. कोण जागं होणार आणि उद्या सकाळी उठून वेगळं काय करणार? तुझ्याच विषयात बघ. क्रशरवरच्या माणसाला खोकला येतो, दम लागतो, वजन उतरतं, तो दवाखान्यात जातो, एक्स-रे निघतो आणि टीबी म्हणून औषधं सुरू होतात. महिनोन्महिने औषध खाऊन दम तसाच. तू काम काय करतोस हे कोणी विचारलेलंच नसतं. आणि केसपेपरवर काम लिहिलेलं नसलं की पुढे नुकसानभरपाई मागताना हातात काही कागद नसतो. म्हणजे तुझा पहिला प्रेक्षक पाच लाख लोक नाहीतच, टीबीच्या दवाखान्यात बसणारे डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी आहेत, आणि त्यांच्याकडून तुला हवाय एक प्रश्न: तुम्ही काम काय करता, किती वर्षं? हे लिही. डॉक सोसायटीच्या इम्पॅक्ट फील्ड गाइडमध्ये बदलाचे चार प्रकार सांगितलेत: लोकांची मतं, वागणं, माणसं एकत्र येणं, आणि कायदे-व्यवस्था. नवीन लोक चारही लिहून टाकतात. तुझा बदल वागण्यातला आहे, तोच घे, चार घेतलेस तर एकही खरा वाटणार नाही.

डॉ_अरुंधती:
मध्ये पडते, कारण मी छातीच्या आजारांचीच डॉक्टर आहे. निशाताईंचा रोख बरोबर आहे पण अर्जात "टीबी नव्हे, सिलिकोसिस" असं लिहू नका. सिलिका फुप्फुसात साठलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, दोन्ही एकत्रही असतात. समितीतला एखादा डॉक्टर ते वाक्य वाचून तिथेच थांबेल, आणि त्याहून वाईट म्हणजे फिल्म बघून एखाद्या पेशंटने टीबीची औषधं बंद केली तर? उद्दिष्ट असं ठेवा: टीबीची तपासणी होतेच आहे, त्यासोबत कामाचा इतिहास लिहिला जावा. अजून एक, आमच्या ट्रेनिंगमध्ये सत्तर मिनिटं कोणी देत नाही. वीस मिनिटांचं व्हर्जन असेल तर दाखवता येईल.

समीर_कॅमेरा:
हेच म्हणत होतो! बघा, दोन रिप्लायमध्ये सत्तर मिनिटांची फिल्म वीस मिनिटांची ट्रेनिंग फिल्म झाली. उद्या समिती म्हणेल मग आरोग्य खात्याकडेच पैसे मागा. आणि परिणाम कोणी आधी लिहून देऊ शकतं का? गाजलेल्या फिल्म्सचे परिणाम नशिबाने झालेत.

निशा_प:
वीस मिनिटांचं व्हर्जन मुख्य फिल्मच्या जागी नाही, तिच्या बाजूला आहे, आणि तसं स्पष्ट लिहायचं: आधी सत्तर मिनिटांचा कट लॉक, मग त्याच मटेरियलमधून छोटा कट.

नशिबाबद्दल एकच उदाहरण देते. अमेरिकी सैन्यातल्या बलात्कारांवरची 'द इन्व्हिजिबल वॉर' ही फिल्म जानेवारी 2012 मध्ये सनडान्सला दाखवली, थिएटरला आली जूनमध्ये. मधल्या महिन्यांत ती सैन्यातल्या आणि सरकारातल्या वरच्या लोकांपर्यंत पोहोचवायची मोहीम चालू होती. एप्रिलमध्ये संरक्षणमंत्री लिऑन पनेटांनी ती बघितली आणि दोनच दिवसांत जाहीर केलं की अशा केसेसचा निर्णय वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जाईल. पनेटा हो म्हणतील हे कोणी लिहून देऊ शकलं नसतं, कबूल. पण निर्णय कोणाच्या हातात आहे आणि थिएटरच्या आधी त्यांना फिल्म दाखवायची, हे लिहून देता येतं. ग्रँटवाले तेवढंच मागतात, परिणामाची हमी नाही मागत.

समीर_कॅमेरा:
त्या विषयावर तिथे आधीपासून दबाव होता, फिल्म योग्य वेळी आली. एका उदाहरणावरून नियम नाही होत. पण "कोणाच्या हातात" हा मुद्दा मान्य.

बाळू_सर:
आम्ही शाळेच्या मुलांना घेऊन पाणी या विषयावर शॉर्टफिल्म केली होती, तेव्हा आधी पोस्टर केलं, मग ट्रेलर, रोज एक रील टाकायचो, प्रतिसाद फार छान मिळाला. ईशाताईंनी पण आतापासून पेज सुरू करावं आणि फिल्म झाली की सरळ यूट्यूबवर टाकावी, फुकट आहे आणि कामगार सुद्धा मोबाइलवर बघतील, फेस्टिव्हल, ओटीटी कशाला ते कळलं नाही.

निशा_प:
सर, तुमच्या फिल्मसाठी ते योग्यच होतं. इथे अडचण अशी की फिल्म एकदा सगळ्यांसाठी ऑनलाइन गेली की प्रीमियर संपला, आणि बरेचसे मोठे फेस्टिव्हल आपल्याकडे पहिल्यांदा दाखवली जातेय का ते विचारतात. विकत घेणाऱ्याचाही रस जातो. म्हणून यूट्यूब शेवटी येतं.

आणि ईशा, यावरूनच तुझ्या मसुद्यातला 'सोबतच' हा शब्द. ओटीटी आणि सोबतच गावोगावी स्क्रीनिंग, हे एका ओळीत लिहिलेलं बघितलं की अनुभवी वाचणारा लगेच ओळखतो की हिने अजून करार वाचलेला नाही. प्लॅटफॉर्मने एक्सक्लुझिव्ह राइट्स घेतले की गावातल्या देवळासमोर पडदा लावायलाही त्यांची परवानगी लागते. म्हणून क्रम लिही. आधी डॉक्टरांच्या बंद दाराआडच्या ट्रेनिंगला छोटा कट, निमंत्रितांपुरता. त्याने साधारणपणे प्रीमियरला धक्का लागत नाही, तरी ज्या फेस्टिव्हलला पाठवणार त्याचे नियम वाच. मग प्रीमियर आणि पुढचं वर्षभर फेस्टिव्हल. ब्रॉडकास्ट किंवा ओटीटीशी बोलताना शैक्षणिक आणि सामुदायिक स्क्रीनिंगचे राइट्स स्वतःकडे ठेवणार, आणि हे अर्जातच लिहायचं.

नंदू_प्रोड्यूसर:
कागदावर छान वाटतं. पहिली फिल्म करणाऱ्याला प्लॅटफॉर्म स्टँडर्ड करार पुढे करतो, घ्या नाहीतर सोडा. राइट्स बाजूला काढून ठेवणं तुम्हाला जमेल, तिला जमेल का? मी तर अर्जात लिहून नंतर तसं न करता आल्यामुळे ग्रँटवाल्यांना उत्तरं देत बसलेले लोक बघितलेत.

निशा_प:
उलट अर्जात लिहिलेलं असलं की टेबलावर सांगता येतं की हे माझ्या ग्रँटच्या अटीत आहे, मी सोडू शकत नाही. अगदीच नाही जमलं तर निदान ठराविक महिन्यांनी ते राइट्स परत येतील एवढं तरी मागायचं. पण नंदू म्हणतो तसं होऊ शकतं हे खरं, म्हणून "प्रयत्न राहील" ऐवजी दोन पर्याय लिही, पहिला मिळाला तर असं, नाही मिळाला तर तसं.

युनियनवाला_दादा:
सगळे डॉक्टर आणि ओटीटीवर बोलताय. फिल्ममधली माणसं अजून त्याच क्रशरवर कामाला आहेत का? मालकाने बघितली तर काय? गावात पडदा लावला की दुसऱ्या दिवशी कोणाला कामावर घेत नाहीत हे मी बघितलंय. परवानगीचा कागद शूटिंगच्या वेळी घेतलात, तेव्हा तो माणूस कमावता होता, आता आजारी असेल नाहीतर गेला असेल आणि घरात बायको असेल. तिला विचारलंत का?

ईशा_क:
दादा, दोघं अजून कामावर आहेत. एक वारले, त्यांच्या पत्नीशी मी बोलते अधूनमधून पण फिल्म गावात दाखवण्याबद्दल बोलणं झालेलं नाही. रफ कट त्यांना आधी दाखवायचा आणि कुठे दाखवायची कुठे नाही हे त्यांच्याकडून ठरवून घ्यायचं, असं प्लॅनमध्येच टाकतेय.

नवीन मसुदा असा केलाय, बघा: "क्रशर असलेल्या भागातल्या दहा टीबी दवाखान्यांत वीस मिनिटांचा कट दाखवणार. दाखवण्याआधीच्या तीन महिन्यांत आणि नंतरच्या तीन महिन्यांत किती केसपेपरवर कामाचा इतिहास लिहिला गेला याची मोजणी दवाखाने स्वतः करतील, आम्हाला फक्त बेरीज देतील, पेशंटची नावं नाहीत. गावातलं स्क्रीनिंग फिल्ममधल्या कुटुंबांनी रफ कट बघून होकार दिल्यावरच."

डॉ_अरुंधती:
हे मोजता येण्यासारखं आहे. फक्त आधीची मोजणी विसरू नका, कट दाखवून झाल्यावर सुरुवात केली तर तुलना कशाशी करणार? आणि तीन महिन्यांत वाढलेला आकडा वर्षाने टिकतो का ते पण बघा, ट्रेनिंगनंतर सगळेच थोडे दिवस नीट लिहितात.

समीर_कॅमेरा:
आता आकडा आहे पण तो छोटा आहे आणि खरा आहे, हे मला पटलं. तरी दोन पानांतलं निम्मं मी सत्तर मिनिटांच्या फिल्मच्या प्रेक्षकालाच देईन. दहा दवाखान्यांसाठी कोणी इतकी वर्षं शूट करत नाही.

नंदू_प्रोड्यूसर:
आणि पैसे? छोटा कट, सबटायटल, दहा ठिकाणचा प्रवास, मोजणी गोळा करणारा माणूस. ग्रँट एडिटिंगची आहे ना, मग हे त्या बजेटमध्ये बसणार नाही. वेगळं बजेट जोड आणि ते कुठून येणार ते लिही, नाहीतर प्लॅन हवेत आहे असंच वाटेल.

ईशा_क:
बजेट वेगळं करतेय. एकच प्रश्न राहिला, दहापैकी चार दवाखान्यांचंच पत्र आलंय, बाकीच्यांशी फक्त फोनवर बोलणं झालंय आणि डेडलाइन शुक्रवारी. दहा लिहू की चार?

निशा_प:
चार लिही, चारही पत्रं जोड, त्यात कोणत्या महिन्यात आणि किती कर्मचाऱ्यांना दाखवणार ते असेल तर उत्तम. बाकी सहांना "बोलणी चालू" म्हण. समितीतून एखाद्या दवाखान्याला फोन जाऊ शकतो.