एनआरई आणि एनआरओ व्याजातील तफावत

> आम्ही अमेरिकेत असतो. एनआरओच्या व्याजातून कर कापला, एनआरईतून मात्र काहीच नाही. असे का?

दोन्ही अनिवासी भारतीयांचीच बँक खाती आहेत; फरक पैशाच्या उगमात आहे. एनआरई खात्यात मुख्यतः परदेशातून पाठवलेली रक्कम जमा होते आणि फेमा या परकीय चलन कायद्यानुसार तुम्ही अनिवासी आहात तोवर तिच्यावरील व्याज भारतात करमुक्त असते. घरभाडे, लाभांश अशी इथली कमाई साधारणपणे एनआरओत येते. तिथे व्याज अगदी थोडे असले तरी बँक ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापते. पंधरा-जी फॉर्म भरून ही कपात टळत नाही, कारण तो निवासींसाठीच आहे.

समजा एनआरओ ठेवीवर ४०,००० रुपये व्याज मिळाले, तर १२,४८० रुपये कापले जातील. अमेरिकेतील कर-निवासाचा दाखला आणि सोबतचे फॉर्म बँकेला वेळेत दिल्यास भारत-अमेरिका कर करारानुसार दर १५ टक्के, म्हणजे कपात ६,००० रुपये होते. दाखला उशिरा मिळाला, तर जादा कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागावी लागते. एनआरईचे व्याज अमेरिकेत मात्र करपात्रच आहे. ही गोष्ट बँकेतले कर्मचारी सहसा सांगत नाहीत.