शब्दचर्चा : यांत्रिक आवाजासाठी आकडे आणि संक्षेप कसे लिहावेत?

शलाका : ध्वनिफितीसाठी संहिता लिहिते आहे. मूळ वाक्य असं : «इ. ८ वीच्या १०-१२ मुलांनी ३.५ कि.मी. अंतर १०:३० पर्यंत पार केलं.» आवाज 'इ' म्हणून थांबतो, मग 'आठ वीच्या', 'दहा वजा बारा', 'तीन पूर्णांक पाच कि मी', 'दहा तीस पर्यंत'. काय बदलू?

रानवारा : देवनागरी आकडे काढून इंग्रजी आकडे टाका, सुटेल.

अनुनाद : काही आवाजांना देवनागरी आकडे कळतच नाहीत, तिथे फरक पडेल. पण इथे आकडे ओळखले जात आहेत, अर्थ कळत नाहीये. '१०-१२' म्हणजे अंदाज, '१० ते १२', की वजाबाकी, हे आपण संदर्भावरून ठरवतो. ते यंत्रावर सोडू नये. जसं कानी पडायला हवं तसंच लिहा : «इयत्ता आठवीच्या दहा-बारा मुलांनी साडेतीन किलोमीटर अंतर साडेदहापर्यंत पार केलं.»

साडेतीन, दीड, अडीच हे शब्द ३.५, १.५, २.५ वरून आपोआप येतील असं धरून चालू नका. '१ला' तर दुहेरी आहे : 'पहिला' की 'एकला'? सालांचंही तेच. २०२४ 'दोन हजार चोवीस' असंच वाचतात, म्हणून चूक लपते. १९६० चं मात्र 'एक हजार नऊशे साठ' होतं. तपासायला विसाव्या शतकातलं साल घ्या.

केतकी : पण पुस्तकात अंक अक्षरी लिहिणं वाचायला जड जातं हो.

अनुनाद : छापायची प्रत वेगळी ठेवा. ही फक्त आवाजासाठी.

रानवारा : दोन प्रती कशाला? एसएसएमएलमध्ये, म्हणजे कसं वाचायचं हे यंत्राला सांगणाऱ्या खुणांच्या भाषेत, say-as ही खूण लावा.

अनुनाद : say-as ला कोणती मूल्यं द्यायची हे मानकानं ठरवलेलं नाही. त्यामुळे मराठी आवाज ते मानेलच असं नाही. एसएसएमएल चालत असेल, तर एकाच प्रतीत भागवायला हे बरं :

```
<sub alias="किलोमीटर">कि.मी.</sub>
```

पडद्यावर संक्षेप राहतो, उच्चार पूर्ण होतो, आणि टिंबावर वाक्य तुटत नाही.

गोपाळ : माझी अडचण इंग्रजी शब्दांची. 'चार्जर'मधला च 'चमचा'तल्यासारखा वाजतो. रोमन लिपीत लिहिलं की अख्ख्या शब्दाचा सूरच बदलतो.

अनुनाद : च आणि ज यांचे मराठीत दोन-दोन उच्चार, आणि लेखनात फरक दिसत नाही. 'च्यार्जर' लिहून पाहा.

गोपाळ : पाहिलं. एका आवाजात नेमकं जमलं, दुसऱ्यात य स्पष्ट ऐकू येतो.

शलाका : माझ्याकडे 'ॲप'चं तसंच. एका ठिकाणी नीट, दुसरीकडे 'अ' आणि मग अडखळणं.

अनुनाद : तो 'ॲ' एकच अक्षर आहे की 'अ' वर चंद्र वेगळा टंकलेला, हे बघा. दिसतात सारखे, यंत्राला वेगळे. शोधा-बदला करून सगळीकडे एकच ठेवा, U+0972. गोपाळ, च्यार्जरला मात्र प्रत्येक आवाजासाठी वेगळी यादी ठेवण्यापलीकडे मला उपाय सापडलेला नाही.

केतकी : अशी यादी कुणाकडे तयार असेल तर इथेच टाका.