पीसीच्या मागच्या वायरी बांधून मशीन गार होतं का?

टिळकवाडीकर: नवीन पीसी जोडून घेतोय. दुकानदार म्हणतो, मदरबोर्डामागं वायरी नीट बांधल्या की मशीन गार राहतं, त्याचे ५०० वेगळे. द्यावेत का?

निपाणीकर: गारव्यासाठी देऊ नका. हवा पुढच्या फॅनमधून आत येते, ग्राफिक्स कार्ड आणि सीपीयूच्या कूलरवरून मागं-वर निघून जाते. मदरबोर्ड बसतो त्या पत्र्यामागचा कप्पा त्या वाटेत येतच नाही. तिथं वायरींचं घरटं झालं तरी तापमानात फरक नावापुरता. उरलेल्या वायरींचा गठ्ठा पुढच्या फॅनच्या तोंडाशी कोंबलाय का, ते मात्र बघा.

चिकोडीचा गडी: काहीतरीच. माझं कार्ड वायरी बांधल्यावर ८ डिग्री उतरलं.

निपाणीकर: त्याच दिवशी पुढची जाळी पुसली का?

चिकोडीचा गडी: पुसली की. पण सीपीयूच्या सॉकेटमागं पत्र्याला भोक असतं, तिथली उष्णता कुठं जाणार?

निपाणीकर: बोर्ड तिथं तापतो हे खरं, म्हणून जाड गठ्ठा त्या भोकावरून नेऊ नये. पण कार्डाच्या ८ डिग्रीचं श्रेय आधी जाळीतल्या धुळीला द्या. तपासायचं तर खोली तितकीच गरम असताना तोच गेम अर्धा तास चालवा, मग फक्त बांधलेल्या वायरी मोकळ्या करून परत तेच करा.

खानापूर_पाऊस: माझा प्रश्न वेगळाय. मागचं झाकण गुडघा लावून बसवलं, तर एसएसडी मधेच गायब होते. हे तापल्यामुळं का?

निपाणीकर: नाही हो. झाकण साटाच्या पॉवर पिनेवर दाबतंय, ती तिरकी होऊन सुटते. झाकण काढून चालवा. डिस्क टिकली तर कारण तेच.

मागं जागा असते साधारण २ सेंटीमीटर. २४ पिनची वायर एकटी मावते, तिच्यावरून दुसरी जाड वायर गेली की झाकण फुगतं. म्हणून आधी सीपीयूची ८ पिनची वायर वरच्या कोपऱ्यातून काढा. कूलर बसल्यावर तिथं बोट जात नाही. मग २४ पिनची जवळच्याच खाचेतून. बाकीच्या शेजारी शेजारी, चपट्या. पत्र्याला हूक असतात तिथं बांधा, पण कनेक्टरपाशी थोडी ढील ठेवा. ताणली की पिन आतून निसटते. उरलेली लांबी पॉवर सप्लायच्या कप्प्यात.

कॅम्पातली_स्वाती: प्लॅस्टिकच्या टायपेक्षा वेल्क्रो घ्या. टाय कापताना वायर कापली गेली की वॉरंटीवर वाद घालत बसा. आणि ५०० कशाला? वेल्क्रोचा रोल आणा, रविवारची दुपार द्या.

चिकोडीचा गडी: सगळ्यांना ते जमत नाही ताई. माणूस तासभर राबतो, त्याची मजुरी द्यायला काय हरकत?

निपाणीकर: मजुरी म्हणून द्या की, गारव्याचे म्हणून नको. झाकण सरळ बसतं का, एवढं मात्र दुकानातच बघून घ्या.