एकाच चुलीवरचं जेवण, मग पोरीचंच रक्त कमी का?

मार्कंडेयकाठ
शाळेत तपासणी झाली. आमची पोरगी दहावीला, तिचं हिमोग्लोबिन 9.4 आलं. आठवीतल्या पोराचं बाहेर तपासलं, ते 12.8. शाळेतल्या बाई म्हणतात, घरात मुलगा-मुलगी भेद होतोय. आमच्यात एकाच चुलीवर रांधतात, कुणाला मोजून वाढत नाहीत. पोरगी गावच्या सरकारी मराठी शाळेत आहे, पोरगा बेळगावात इंग्रजी शाळेत. पण खाण्यापिण्यात काही कमी केलेलं नाही. मग हा ठपका आम्ही का घ्यायचा?

सीमावासी
दादा, मनाला लावून घेऊ नका. पाळी सुरू झाली की मुलींचं रक्त कमी होतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच आहे (2019-21), 15 ते 19 वयाच्या मुलींत शंभरात 59 जणींना रक्तक्षय, मुलांत 31 जणांना. हा निसर्गाचा फरक आहे, त्यात आईबापाचा काय दोष? बीट, खजूर सुरू करा, दूध वाढवा.

आशाताई, खानापूर
पाळीचं तुम्ही बरोबर सांगितलंत. पण म्हणूनच तर 13 ते 15 वयाच्या मुलीला रोज 30 मिलिग्रॅम लोह लागतं आणि त्याच वयाच्या मुलाला 22. म्हणजे ताटात जास्त तिच्या पडायला हवं, आणि बहुतेक घरांत पडतं उलट. शंभरात 31 मुलांनाही रक्तक्षय आहे, म्हणजे गरिबी, जंत, नुसत्या भातावर भागवणं हे सगळं दोघांनाही आहे. पण वरच्या सगळ्या फरकाचं खापर पाळीवर फोडता येत नाही.

दादा, चूल एक असली तरी पंगती दोन असतात. पहिल्या पंगतीला आजोबा, तुम्ही आणि पोरगा. पोरगी भाकऱ्या थापते किंवा वाढते, मग आजी आणि आईबरोबर मागून बसते. तोवर आमटीतली डाळ संपत आलेली असते. पुरत नाही म्हणून तांब्याभर पाणी आणि मीठ घालून पुन्हा उकळी येते. मटणाच्या दिवशी तुकडे पहिल्या पंगतीत संपतात, मागच्यांना रस्सा राहतो. रश्श्याला चव तेवढीच असते, पण लोह तुकड्यात असतं. शिवाय मटणातलं लोह अंगी चांगलं लागतं आणि त्याच जेवणातल्या भाकरी-डाळीतलंही जास्त शोषलं जातं. कुणी मोजून वाढत नाही हे खरंच आहे. पोरीच्या वाट्याला कमी येतं ते न मोजल्यामुळेच.

दुधाचं मात्र तसं नाही. दूध आणि अंडं दोघांनाही हवं, पण प्रथिनांसाठी. रक्त वाढायला दुधाचा उपयोग नाही, उलट जेवणाबरोबर घेतलं तर लोह शोषायला आडवं येतं. चहाही तसाच, जेवणानंतर तासभर तरी नको.

निपाणीची सून
अंड्याचं बघा, आमच्या भागात वयात येणाऱ्या पोरीला 'उष्ण पडतं, पाळी लवकर येते' म्हणून अंडं आणि पपई बंद करतात. त्याच घरात पोराला व्यायामासाठी रोज दोन उकडून देतात.

गडहिंग्लज रस्ता
मला या धाग्याचा रोखच कळेना. मुलीला मराठी शाळेत घातलं म्हणजे तिच्यावर अन्याय झाला का? सीमाभागात मराठी शाळा टिकवायला किती झगडावं लागतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या शाळांना कमी लेखू नका.

आशाताई, खानापूर
माध्यमाचा प्रश्न नाहीच हो. दोन्ही लेकरं मराठी शाळेत असती तर मी शब्द काढला नसता. इथं एकाच घरात पोराच्या शाळेची फी आणि व्हॅन भरली जाते आणि पोरीची शाळा फुकट आहे म्हणून निवडली जाते. मराठी आपली भाषा, तर ती पोरालाही हवी.

याचा जेवणाशीही संबंध आहे. सरकारी शाळेत दहावीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं, ठरल्या दिवशी अंडं किंवा केळं मिळतं. खाजगी शाळेतल्या पोराला घरून डबा लागतो, म्हणून सकाळी त्याच्यासाठी चपाती, उसळ, वर तूप. पोरीला म्हणतात, 'तू शाळेत जेवतीसच की.' झाडलोट, पाणी उरकून ती चहा-बटरावर निघते. शाळेचं जेवण घरच्या जेवणात भर म्हणून आहे, ते घरच्याच्या जागी बसलं. मग रविवारी, सुट्टीत आणि दहावीनंतर तेही नाही.

मार्कंडेयकाठ
सकाळचं तुम्ही लिहिलंत तसंच आहे, ते मी नाकारत नाही. पण माझी आई वाढते, तिला कोण शिकवणार? ती स्वतःही शेवटीच जेवते. आणि शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ना, मग रक्त का वाढत नाही?

आशाताई, खानापूर
निळी गोळी आठवड्याला एक, ती रक्त कमी होऊ नये म्हणून. 9.4 भरून काढायला ती पुरणार नाही. या वयाच्या मुलीचं 12 तरी हवं. सरकारी दवाखान्यात दाखवा, डॉक्टर रोजच्या गोळ्या लिहून देतील, जंताची गोळी कधी घेतली तेही विचारतील. कोर्स महिन्यांचा असतो, मधेच सोडायचा नाही. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, मग पोरी गोळी खिशात घालतात आणि शौच काळं झालं की घाबरतात. काळं होणं ठीक आहे. रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर दिली तर बहुतेकींना सोसते. महिनाभराने पुन्हा रक्त तपासा, साधारण 1 ग्रॅम वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळ्या खरंच पोटात जातात का ते बघा आणि पाळी फार दिवस, फार अंगावर जाते का हे तिच्या आईला विचारायला सांगा. बीट-खजुरावर 9.4 चं 12 होत नाही.

घरात आजीशी वाद घालू नका. पोरगीला पहिल्या पंगतीला बसवा आणि आठवडाभर वाढायचं काम पोराला द्या. सकाळी दोन डबे, दोन्हींत सारखंच. भिजवलेले हरभरे किंवा मटकीची उसळ दोघांनाही मूठभर, वर लिंबू. खर्च फार वाढत नाही. आठवडाभर दूध, अंडं, मटणाचे तुकडे, तूप कुणाच्या ताटात किती वेळा पडलं ते वहीत मांडा, म्हणजे बाईंचं खरं की तुमचं, ते तुम्हालाच दिसेल.

निपाणीची सून
दादा, दहावीनंतर काय ठरवलंय? पी.यू.सी.ला बेळगावला धाडणार का? अशी दमलेली पोर पुस्तक घेऊन पेंगते, मग घरचे म्हणतात अभ्यासात लक्ष नाही, हिच्यावर खर्च कशाला.

मार्कंडेयकाठ
खरं सांगायचं तर जवळच्या कॉलेजात आर्ट्सला घालायचा विचार आहे. सायन्सला प्रॅक्टिकल संपून घरी यायला अंधार होतो, फाट्यावरून आत चालत यावं लागतं. काळजी ही भेदभाव कशी?

निपाणीची सून
काळजी खरी आहे. पण बसचं तिकीट 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत मुलींना नाहीच, म्हणजे पैशाचं कारण उरलं नाही. राहिला तो फाट्यापासूनचा रस्ता. पोराच्या व्हॅनला पैसे निघतात, तर अंधाराच्या दिवशी फाट्यावर कुणीतरी गाडी घेऊन जाऊ शकतं. गावातल्या आणखी दोघी-तिघींना त्याच कॉलेजात घाला, शेवटच्या बसची वेळ बघून कॉलेज निवडा. मुलींच्या सरकारी वसतिगृहाचीही चौकशी करा.

सीमावासी
हे मला तरी पटत नाही. गाडी घेऊन रोज कोण जाणार? शेतीची कामं सोडून? आणि उद्या काही झालं तर गाव बापालाच बोलणार.

आशाताई, खानापूर
गाव बोलतं, हे मी नाकारणार नाही, आणि त्यावर माझ्याकडे सोपा उपाय नाही. पण प्रॅक्टिकल रोज नसतं. वेळापत्रक हाती आल्यावर अंधाराचे दिवस मोजा, मग ठरवा. आणि हे पोरगी समोर असताना ठरवा. आजवर शाळा तिला विचारून ठरली नव्हती.

मार्कंडेयकाठ
वही आजपासून घातली. कॉलेजचं अजून ठरलेलं नाही, घरात बोलणं व्हायचंय.